नवा कन्सोल बंद पडला: दुकानदाराला पत्र लिहिताना

पाडव्याला घेतलेला गेम कन्सोल नोव्हेंबर अर्धा सरायच्या आत बंद पडतो. घरातलं कोणीतरी तो खोक्यात घालून दुकानात नेतं आणि काउंटरवरून उत्तर मिळतं, "यात आमचं काही नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा." बहुतेक लोक तिथूनच निघतात. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या शहरात असतं. तिथे कन्सोल काही आठवडे पडून राहतो, "चेक केला, ओके आहे" म्हणून परत येतो आणि घरी आल्यावर पुन्हा बंद पडतो. या सगळ्या काळात दुकानदाराला बिघाड कळवला होता याचा एकही कागद तयार झालेला नसतो. पुढे कधी दाद मागायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही विक्रेत्याला केव्हा कळवलंत?"

म्हणून पहिला कागद दुकानाच्या मालकाच्या नावे जायला हवा, आणि बिघाड दिसल्यापासून थोड्याच दिवसांत. एका पानाचं, शांत भाषेतलं पत्र पुरतं. मात्र त्यात काय असावं आणि काय नसावं, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण हे पत्र एकट्या दुकानदारासाठी नसतं. तो ते वितरकाला पाठवेल, वितरक कंपनीला दाखवेल, आणि गरज पडली तर तेच पत्र जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाईल. यांतल्या कोणीही तुमच्या घरी बंद पडलेला कन्सोल पाहिलेला नसणार.

एक प्रकरण धरून चालू. सांगलीतल्या एका कुटुंबानं २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, पाडव्याच्या दिवशी, गावातल्याच दुकानातून डिस्क ड्राइव्हवाला कन्सोल ५४,९९० रुपयांना घेतला. सतरा दिवस तो उत्तम चालला. ८ नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, खेळताना अचानक पंख्याचा आवाज खूप वाढला, पडदा काळा झाला आणि कन्सोल बंद पडला. अर्ध्या तासानं चालू केला तर व्यवस्थित लागला, आणि साधारण चाळीस मिनिटांनी पुन्हा तसाच बंद पडला.

इतक्या नव्या यंत्राचं असं का होतं? इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडांचा आलेख काढला तर तो सुरुवातीला उंच असतो, मग बराच काळ सपाट राहतो आणि आयुष्याच्या शेवटी पुन्हा चढतो. सुरुवातीचे बिघाड वापरामुळे नव्हे, बनवताना राहिलेल्या उणिवांमुळे होतात. कन्सोलच्या मुख्य चिपखाली सोल्डरचे शेकडो बारीक ठिपके असतात आणि त्यांच्यातूनच चिप बोर्डाला जोडलेली असते. खेळताना चिप तापते, बंद केल्यावर थंड होते, आणि प्रत्येक वेळी हे सगळं किंचित फुगतं आणि आकसतं. एखादा सांधा कच्चा राहिला असेल तर कारखान्यातल्या तपासणीत तो निभावतो, पण काही आठवड्यांच्या तापण्या-निवण्यात उघडा पडतो. चिप आणि उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग यांच्यामध्ये लावलेला थर नीट बसला नसेल, तरी परिणाम असाच होतो. उष्णता बाहेर पडत नाही, पंखा जोरात फिरतो आणि शेवटी यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं.

हा प्रकार मोठ्या प्रमाणावर जगानं पाहिला आहे. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल २००५ च्या अखेरीस बाजारात आला आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत त्यातले असंख्य कन्सोल पुढच्या बाजूला तीन लाल दिवे लावून निकामी झाले. जुलै २००७ मध्ये कंपनीनं या एका बिघाडापुरती वॉरंटी खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च धरला. मुळाशी उष्णतेच्या चढउतारानं चिपच्या आतल्या जोडण्या तुटणं हेच होतं. नवा कन्सोल खेळणाऱ्याच्या चुकीशिवायही बंद पडतो, हे तेव्हा कंपनीच्या हिशोबवहीतच लिहिलं गेलं. म्हणून "मुलांनी जास्त खेळला असेल" हे दुकानातलं वाक्य मनावर घेण्याचं कारण नाही. तासन्‌तास खेळणं हाच या यंत्राचा नेहमीचा वापर आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण पत्राची तारीख आणि त्यातली मागणी तिथून ठरते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि त्याची किंमत परत करायला विक्रेत्यानं नकार देणं, ही त्यातली एक. त्यासाठीची मुदत बिलावर लिहिली असेल ती, आणि तशी काहीच लिहिली नसेल तर तीस दिवस. हे तीस दिवस फार कमी लोकांना माहीत असतात. कंपनीची वॉरंटी वर्षभराची असली, तरी दुकानदाराशी बोलताना हा पहिला महिना वेगळ्या वजनाचा आहे. बिल घरी आलं की त्याच्या खालचा बारीक मजकूर आधी वाचावा. "सात दिवसांत बदलून मिळेल" असं छापलं असेल तर मुदत ती. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढंच छापलं असेल, तर त्यात कोणतीही मुदत सांगितलेली नाही, आणि अशी ओळ छापल्यानं सदोष मालाची जबाबदारी संपतही नाही.

दुसरा आधार जुना आहे, पण पक्का आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार, वाजवी काळ उलटून गेल्यावरही विक्रेत्याला "हा माल मी नाकारतो" असं न कळवता वस्तू ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असं धरलं जातं. एकदा स्वीकारली की त्या कायद्याखाली सर्वसाधारणपणे नुकसानभरपाईच मागता येते, वस्तू परत करून व्यवहार मोडता येत नाही. ग्राहक कायदा याहून बराच उदार आहे, तरी "कळवलं केव्हा" हा प्रश्न दोन्हीकडे येतोच. सर्व्हिस सेंटरला कळवणं म्हणजे विक्रेत्याला कळवणं नव्हे. पैसे दुकानानं घेतले, बिल दुकानानं दिलं, विक्रीचा करार दुकानाशी झाला. वॉरंटी कार्ड हे त्यावर कंपनीनं दिलेलं वेगळं वचन आहे. त्यामुळे पत्र दुकानमालकाला लिहावं आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवावी.

पत्र लिहिण्याआधी घरी थोडी तपासणी करायला हवी. यंत्र दुरुस्त करणं हा तिचा हेतू नाही. दुकानदार किंवा सर्व्हिस सेंटर जी कारणं पुढे करतील ती आधीच बाजूला काढायची, एवढाच तिचा हेतू. आपल्या प्रकरणात रविवारी, ९ नोव्हेंबरला, या कुटुंबानं कन्सोल एक्स्टेन्शन बोर्डावरून काढून थेट भिंतीतल्या प्लगला लावला. एचडीएमआय केबल बदलली आणि दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर लावून पाहिला. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातून बाहेर काढून, चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडून टेबलावर ठेवला. सिस्टिम सॉफ्टवेअर अद्ययावत केलं. एक गेम डिस्कवरून आणि एक डाउनलोड केलेला, असे दोन वेगवेगळे गेम चालवून पाहिले. दर वेळी पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या आत तोच प्रकार झाला. केबल, टीव्ही, वीज, हवा आणि गेम ही पाचही कारणं अशी एका दुपारी निकालात निघाली.

याच वेळी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. चांगल्या व्हिडिओत चार गोष्टी असतात: सुरुवातीला कन्सोलच्या मागचा सिरियल नंबर, मग चालू असलेला गेम, सोबत दिसणारं घड्याळ, आणि शेवटी बंद पडण्याचा क्षण आवाजासकट. सगळं एकाच सलग चित्रणात असेल तर उत्तम. मध्ये कापलेल्या चित्रणावर शंका घेता येते. पडद्यावर एरर कोड आला असेल तर त्याचा फोटो घ्यावा. कन्सोलच्या सेटिंगमध्ये आधीच्या एररची नोंद दिसत असेल तर तिचाही घ्यावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळावी. कन्सोल उघडू नये. ओळखीतला कोणी "फक्त पंखा साफ करून देतो" म्हणाला तरी नाही. सील तुटलेलं किंवा स्क्रूवर खुणा दिसल्या की वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं आणि पुढचं सगळं खरं असूनही बाजू लंगडी पडते. पाणी सांडल्याच्या खुणा, पडल्याचे पोचे आणि आत शिरलेली झुरळं, या तीन कारणांनीही आपल्याकडे दावे फेटाळले जातात. म्हणून दुकानात नेण्याआधी कन्सोलचे सर्व बाजूंनी, जाळ्यांसह, स्पष्ट फोटो काढून ठेवावेत.

सोमवारी दुकानात जाऊन तोंडी सांगून झालं, उत्तर अपेक्षेप्रमाणे मिळालं, आणि गुरुवारी, १३ नोव्हेंबरला, पत्र गेलं. खरेदीपासून तो बाविसावा दिवस होता. पत्र असं:

प्रति,
मा. मालक,
(दुकानाचे नाव व पत्ता), सांगली

दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५

विषय: दि. २२/१०/२०२५ रोजी खरेदी केलेला गेम कन्सोल सदोष असल्याने बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ: बिल क्र. (…), कन्सोलचा सिरियल क्र. (…)

महोदय,

मी आपल्या दुकानातून वरील बिलाने डिस्क ड्राइव्हसह असलेला, १ टीबी क्षमतेचा नवा गेम कन्सोल रु. ५४,९९० रोख/यूपीआयने भरून खरेदी केला आहे.

दि. ८ नोव्हेंबर रोजी, खरेदीनंतर सतराव्या दिवशी, कन्सोल खेळ चालू असताना प्रथमच बंद पडला. बंद पडण्याआधी पंख्याचा आवाज अचानक वाढतो व पडदा काळा होतो. थंड झाल्यावर कन्सोल चालू होतो. मात्र गेम सुरू केल्यापासून ३५ ते ४५ मिनिटांत पुन्हा बंद पडतो. गेम न चालवता नुसता चालू ठेवल्यास दोष दिसत नाही.

दि. ९ नोव्हेंबर रोजी आम्ही वेगळा टीव्ही, वेगळी एचडीएमआय केबल, भिंतीतला थेट प्लग व मोकळी हवेशीर जागा वापरून, दोन वेगवेगळ्या गेमसह तपासणी केली. सॉफ्टवेअर अद्ययावत आहे. प्रत्येक वेळी हाच दोष दिसला. कन्सोल उघडलेला नाही, पडलेला नाही व त्यावर द्रव सांडलेला नाही.

दि. १० नोव्हेंबर रोजी मी कन्सोल घेऊन आपल्या दुकानात आलो होतो. तेव्हा मला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाण्यास सांगण्यात आले. कन्सोलची विक्री आपण केलेली असल्याने व खरेदीपासून तीस दिवस पूर्ण झालेले नसल्याने मी हा सदोष कन्सोल नाकारत असून, माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

सदर कन्सोल परत घेऊन त्याच मॉडेलचा नवा, सीलबंद कन्सोल द्यावा. तो उपलब्ध नसल्यास बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. यासाठी कंपनीचा तपासणी अहवाल आवश्यक असल्यास ती तपासणी आपल्यामार्फत करून घ्यावी. मी कन्सोल सर्व साहित्यासह आपल्याकडे पोच घेऊन जमा करण्यास तयार आहे.

दि. २० नोव्हेंबर २०२५ पर्यंत आपले लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची छायाप्रत, सिरियल क्रमांकाचा फोटो. बिघाडाचा व्हिडिओ आपल्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर आजच पाठवला आहे.

प्रत: कंपनीची ग्राहक सेवा (ई-मेलद्वारे)

आपला,
(नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, सही)

या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य मला विचाराल तर ते कायद्याचं नाही, बिघाड कसा होतो हे सांगणारं आहे: गेम सुरू केल्यापासून ३५ ते ४५ मिनिटांत बंद पडतो, नुसता चालू ठेवल्यास दोष दिसत नाही. सर्व्हिस सेंटरचा तंत्रज्ञ दिवसभरात बरीच यंत्रं हाताळतो. तो कन्सोल लावतो, मुख्य पडदा दिसतो का पाहतो, दहा मिनिटं चालवतो आणि जॉब शीटवर "दोष आढळला नाही" असं लिहितो. त्यात लबाडी असतेच असं नाही. तापल्यावरच दिसणारा बिघाड दहा मिनिटांत दिसणार नाही, इतकंच. "कन्सोल चालत नाही" असं मोघम लिहिलेलं पत्र अशा जॉब शीटपुढे टिकत नाही. किती वेळानं, कशा स्थितीत, हे लिहिलेलं असेल तर दहा मिनिटांची तपासणी अपुरी होती हे कागदावरच दिसतं.

दुसरं महत्त्वाचं वाक्य मागणीचं. मागणी एकच आहे आणि तिला एकच पर्याय आहे. पहिल्याच पत्रात मानसिक त्रासाचे पन्नास हजार, जाण्यायेण्याचा खर्च, पोलिसांत जाण्याची भाषा असं सगळं भरलं की दुकानदार ते बाजूला ठेवतो, आणि त्यानं पुढे पाठवलं तरी वितरकाला नेमकं काय मंजूर करायचं ते कळत नाही. भरपाईचा हक्क यामुळे जात नाही. तो आयोगापुढे मागता येतो आणि तिथेच मागावा.

तपासणी दुकानामार्फत करून घ्यायला तयार असल्याचं लिहिण्यामागे व्यापाराचा एक व्यवहार आहे. छोटा दुकानदार शेल्फवरचा नवा पीस उचलून देतो तेव्हा त्याचे पैसे अडकतात. सदोष पीसबद्दल वितरकाकडून त्याला क्रेडिट नोट किंवा बदली पीस मिळण्यासाठी अनेकदा कंपनीच्या सेंटरचा लेखी अहवाल लागतो. व्यापारात त्याला डीओए म्हणतात, म्हणजे वस्तू मुळातच बिघडलेली आली असं प्रमाणपत्र. बऱ्याच कंपन्या ते पहिल्या काही दिवसांपुरतंच देतात. दुकानदाराची ही अडचण खरी आहे, आणि पत्रात तिला वाट करून दिली तर पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. मात्र ती अडचण त्याची आणि वितरकाची आहे. ग्राहकानं एकट्यानं सेंटरचे हेलपाटे घालावेत, हा तिच्यावरचा उपाय नाही.

पत्र हातानं दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्यावी. दुकानात कोणी सही करायला तयार नसेल तर वाद घालू नये आणि सरळ टपाल कार्यालयात जावं. टपाल खात्यानं २०२५ मध्ये रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे. त्यामुळे आता स्पीड पोस्टानंच, पोचपावतीची सोय घेऊन पत्र पाठवावं आणि पावती बिलासोबत जपावी. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवरही टाकावा. मूळ बिल कोणाच्याही हाती देऊ नये, छायाप्रत द्यावी.

कन्सोल जमा करताना आणखी एक कागद घ्यायचा असतो. सिरियल क्रमांक, सोबत दिलेल्या वस्तूंची यादी, "बाहेरून कोणतीही इजा नाही" ही नोंद आणि तारीख त्यावर हवी. त्याआधी आतली डिस्क काढून घ्यावी, खेळांची प्रगती क्लाउडवर किंवा यूएसबी ड्राइव्हवर साठवावी आणि आपलं खातं त्या यंत्रातून काढून टाकावं. बदली पीस मिळाला की जुनं यंत्र परत दिसत नाही. शंभर तास खेळून मिळवलेली प्रगती त्यासोबत गेली की मुलांना होणारं दुःख कन्सोल बिघडल्याच्या दुःखाहून कमी नसतं.

दुकानदाराची उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. पहिलं, "व्होल्टेजमुळे झालं." यावर लेखी विचारावं की कोणता भाग विजेमुळे जळाला आहे. विजेचा झटका बसला असेल तर त्याची खूण बहुधा वीज पुरवणाऱ्या भागात सापडते, आणि असं यंत्र चाळीस मिनिटं छान चालून मग बंद पडण्याऐवजी बहुतेक वेळा सुरूच होत नाही. त्याच बोर्डावरचा टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स ठीक असणं हेही सांगण्यासारखं आहे. दुसरं, "कंपनी रिफर्बिश्ड देईल." वॉरंटी कार्डात दुरुस्ती करायची की बदलून द्यायचं हा निर्णय कंपनीचा आणि बदली पीस नूतनीकरण केलेला असू शकतो, असं बऱ्याचदा छापलेलं असतं. सातव्या महिन्यात हे स्वीकारावं लागतं. सतराव्या दिवशी बिघडलेल्या वस्तूसाठी मात्र हट्ट नव्याचाच धरावा, कारण आपली मागणी वॉरंटी कार्डावर नव्हे, सदोष मालाच्या विक्रीवर उभी आहे. तिसरं उत्तर सर्वांत अवघड असतं: "हा इम्पोर्टेड पीस आहे, यावर भारतात वॉरंटी नाही." कन्सोलची वॉरंटी बहुधा ज्या देशासाठी तो बनला त्या देशापुरती असते. दोन-चार हजार स्वस्त मिळाला म्हणून दुबईमार्गे आलेला पीस घेतला असेल तर कंपनी दार उघडणार नाही आणि सगळी मदार दुकानानं बिलावर काय लिहून दिलं आहे त्यावर राहील. "एक वर्ष शॉप वॉरंटी" असं बिलावर हातानं लिहून शिक्का मारलेला असेल तर ते वचन दुकानावर बंधनकारक आहे. बिलच नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, एवढ्यावर लढावं लागतं. बिल न देणं हीदेखील कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

मुदत संपूनही उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि मिटवण्याचा प्रयत्न करते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत याचा उपयोग होतो, गल्लीतल्या दुकानाच्या बाबतीत कमी.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं कार्यालय कुठे का असेना. पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूसाठी तक्रारीचं शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ऑनलाइन दाखल करायची सोय ई-जागृती या सरकारी पोर्टलवर आहे. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करावं. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पण आयोगाची मर्यादाही माहीत असावी. दोष दूर करणं, त्याच वर्णनाची नवी निर्दोष वस्तू देणं, किंमत परत करणं, भरपाई देणं, असे आदेश तो देऊ शकतो. यांतला कोणता द्यायचा हे पुराव्यावर ठरतं. वस्तू मुळातच सदोष आहे हे दाखवण्याची जबाबदारी आधी तक्रारदारावर असते. दुरुस्तीनं भागण्यासारखा एकच बिघाड असेल तर आयोग दुरुस्तीवरच थांबू शकतो. तोच दोष पुन्हा पुन्हा आला असेल तर बदलून मिळण्याची शक्यता खूप वाढते, आणि इथे जॉब शीट कामी येतात. म्हणून कन्सोल एकदा जरी दुरुस्तीला दिला तरी जॉब शीटवर आपल्या शब्दांतली तक्रार लिहून घ्यावी, "चेक अँड रिपेअर" एवढ्यावर सही करू नये. नुसतं पाहून दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्या तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागू शकतं. तपासणीची गरज नसेल तर तीन महिने आणि असेल तर पाच महिने, असं निकालाचं वेळापत्रक कायद्यात आहे. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे दुकानदार महिन्याभरात नवा पीस द्यायला तयार झाला तर भरपाईसाठी अडून बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाच कन्सोल गेमिंग कॅफे चालवण्यासाठी घेतला असेल तर गोष्ट बदलते. व्यापारी हेतूनं वस्तू घेणारा ग्राहक कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी एखाददुसरा कन्सोल लावणाऱ्याला सूट आहे. नोकर ठेवून दहा कन्सोलचा पार्लर चालवणाऱ्याला ती मिळवणं कठीण जाईल.

दुकानदार बदली पीस देतो त्या दिवशी शेवटची कागदपत्रं करायची असतात. नव्या खोक्याचं सील तिथेच तपासावं आणि खोक्यावरचा सिरियल क्रमांक कन्सोलच्या मागच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. जुन्याच बिलावर "सदोष पीस बदलून दिला", नवा सिरियल क्रमांक आणि तारीख लिहून शिक्का घ्यावा, कारण वॉरंटी नोंदीत अजून जुनाच क्रमांक असतो आणि आठव्या महिन्यात काही झालं तर सेंटरवाले बिलावरचा क्रमांक जुळत नाही म्हणून परत पाठवतील. बदली पीसची वॉरंटी बहुतेक कंपन्या मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात, तेव्हा ती २२ ऑक्टोबर २०२६ ला संपणार की पुढे जाणार हे दुकानदाराकडून तिथेच लिहून घ्यावं. आणि घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक गेम लावून, मध्ये न थांबवता, दोन तास चालवून पाहावा.